आठ मिली की साठ मिली? बारीक नेटवर्कवरच्या कॉलसाठी ओपस कसं लावायचं

'आठ' आणि 'साठ' या दोन शब्दांत फरक फक्त सुरुवातीच्या 'स'चा आहे. तो 'स' म्हणजे दातांतून सुटणारी हवा, आणि तिचा बराचसा जोर ४ किलोहर्ट्झच्या वर असतो. जुन्या पद्धतीचा फोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पाठवतो, त्यामुळे 'स' तिथे आधीच अर्धमेला होऊन पोचतो. शेजारी कूलर सुरू असला की तोही जातो, आणि पंधरा लिटरच्या पंपाला आठ मिली टाकायचं की साठ, हे ऐकणाऱ्याला अंदाजाने ठरवावं लागतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या पट्ट्यात कापूस-तुरीच्या शेतकऱ्यांचा एक गट आठवड्यातून एकदा अकोल्यातल्या कीटकतज्ज्ञाशी इंटरनेटवरून बोलतो. ग्रामपंचायतीच्या खोलीत लॅपटॉप, लॅपटॉपला मोबाइलचा हॉटस्पॉट, आणि टॉवर दोन शेतं ओलांडून. पहिली दहा मिनिटं "आवाज येऊन राहिला का?" यातच जायची. गटाने जादा पैशाचा प्लॅन घेतला नाही, नवीन उपकरणही आणलं नाही. ओपसच्या दोन-तीन सेटिंग तेवढ्या नीट बसवल्या. त्या कशा बसवायच्या आणि तसंच का, ते खाली क्रमाने देतो.

आधी ओपसबद्दल कामापुरतं

ओपस हा आवाज दाबून लहान करणारा आणि पलीकडे पुन्हा उलगडणारा कोडेक आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने तो आरएफसी ६७१६ म्हणून प्रमाणित केला. त्याच्या पोटात दोन वेगळे कोडेक आहेत. बोलण्यासाठी स्काइपकडून आलेला सिल्क, आणि संगीतासाठी झिफ संस्थेचा सेल्ट. कमी बिटरेटला सिल्क काम करतो, जास्तीला सेल्ट, आणि मधल्या भागात दोघे मिळून. कोणी काम करायचं हे ओपस स्वतः ठरवतो.

बिटरेट ६ पासून ५१० किलोबिट प्रति सेकंदापर्यंत कुठेही ठेवता येतो. कॉलच्या दृष्टीने याहून मोलाची गोष्ट म्हणजे तो चालू कॉलमध्ये बदलता येतो. आवाज नेटवर्कवरून छोट्या तुकड्यांच्या पाकिटांत जातो, आणि प्रत्येक पाकिटाच्या पहिल्या बाइटमध्ये आत कोणती पद्धत वापरली, आवाजाचा पट्टा किती रुंद, तुकडा किती मिलीसेकंदांचा, हे लिहिलेलं असतं. त्यामुळे पाठवणाऱ्याने मध्येच बिटरेट निम्म्यावर आणला तरी पलीकडच्याला आधी कळवावं लागत नाही. पाकीट उघडलं की त्याला समजतं. नेटवर्क मिनिटामिनिटाला बदलतं तिथे याचा खरा उपयोग होतो. जुना जी.७११ कोडेक कायम ६४ किलोबिट मागतो, कमी जागा मिळाली म्हणून तो आकसत नाही.

आता विलंब. ओपस सहसा २० मिलीसेकंदांचा आवाज गोळा करतो आणि पुढचं थोडं ऐकून घेण्यासाठी आणखी ६.५ थांबतो. म्हणजे कोडेकचा स्वतःचा उशीर २६.५ मिलीसेकंद. गाणी साठवण्यासाठी बनलेला एमपी३ याच कामाला शंभरच्या पुढे घेतो. गाणं ऐकताना ते कळत नाही, पण बोलताना दोघं एकाच वेळी सुरू होतात, दोघं थांबतात, आणि पुन्हा दोघं एकाच वेळी सुरू होतात.

पायरी पहिली: रस्ता मोजा, तोही कॉलच्याच वेळी

दुपारी बारा वाजता मोजलेलं नेटवर्क संध्याकाळी सात वाजता कामाचं नाही. सातला अख्खं गाव त्याच टॉवरवर असतं. गटाचा कॉल ज्या वेळी असतो त्याच वेळी, त्याच खोलीत, त्याच हॉटस्पॉटवरून, कॉल ज्यातून जातो त्या सर्व्हरला पिंग करा, म्हणजे पाकीट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजा. विंडोजवर:

```
ping -n 100 सर्व्हरचा-पत्ता
```

लिनक्सवर `-n` ऐवजी `-c` लिहा. सरासरीवर फार जाऊ नका. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा यांच्यातलं अंतर बघा, आणि हरवलेल्या पाकिटांची टक्केवारी बघा. आमच्याकडे जाऊन-येऊन सरासरी १४० मिलीसेकंद, हरवण्याचं प्रमाण जेमतेम, पण मधूनच ४००-५०० असा आकडा उसळायचा. मोबाइल नेटवर्कचं हे नेहमीचं रूप आहे. हवेत हरवलेलं पाकीट टॉवर आणि फोन आपसांत पुन्हा पाठवून घेतात. त्यामुळे ते हरवल्याचं दिसत नाही, उशिरा आल्याचं दिसतं. कॉलच्या हिशेबाने मात्र फार उशिरा आलेलं पाकीट आणि हरवलेलं पाकीट यात फरक नाही. त्याची वेळ निघून गेलेली असते, म्हणून ते फेकलंच जातं.

हॉटस्पॉट देणाऱ्या फोनवर मागे एखादा व्हिडिओ अपलोड होत असेल तर याच पिंगचे आकडे एक-दोन हजारांवर जातात. तेव्हा कोडेकला हात लावू नका, आधी अपलोड थांबवा.

पायरी दुसरी: कमी बिटरेट कानाला कसा लागतो ते घरीच ऐका

लॅपटॉपवर `opus-tools` टाका. "आठ मिली, साठ मिली, सहा पंप, दहा पंप" असं काहीतरी मोनोमध्ये रेकॉर्ड करून `bol.wav` नावाने ठेवा. शक्यतो ज्याचं बोलणं प्रत्यक्षात ऐकायचं आहे त्याच्याच आवाजात करा. मग:

```
opusenc --bitrate 8 bol.wav bol8.opus
opusenc --bitrate 16 bol.wav bol16.opus
opusdec --packet-loss 10 bol16.opus tutka.wav
```

८ किलोबिटला आवाज साध्या फोनसारखा ४ किलोहर्ट्झपर्यंतच येतो आणि 'साठ'चा 'स' बोथट होतो. १६ किलोबिटला पट्टा किमान ८ किलोहर्ट्झचा होतो आणि 'स' दाताखालून स्पष्ट सुटतो. ही दुप्पट ज्याने एकदा कानाने ऐकली तो पुन्हा ८ वर जायला तयार होत नाही. २०१८ च्या १.३ आवृत्तीपासून ओपस ९ किलोबिटपासूनच हा रुंद पट्टा देतो, त्यामुळे जुनं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते अद्ययावत करणं हाच पहिला उपाय. तरीही मी बोलण्यासाठी १६ ही खालची मर्यादा धरतो. ९ ते १२ च्या दरम्यान शब्द कळतात, पण आवाज कोणाचा ते ओळखायला त्रास होतो. खोलीत सहा-सात जण बोलत असताना तेही लागतं.

तिसऱ्या आज्ञेने दर शंभरातली साधारण दहा पाकिटं मुद्दाम हरवली जातात. ओपस त्या खाचा आधीच्या आवाजावरून भरून काढतो. 'आ'सारखा लांब स्वर तो बेमालूम भरतो. 'स' किंवा 'ट' नेमका खाचेत सापडला तर त्याला तो आणता येत नाही, कारण आधीच्या आवाजात त्याचा मागमूसच नसतो.

पायरी तिसरी: बारदाना वजा करा

इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. नेटवर्क बारीक आहे म्हणून लोक बिटरेट खाली ओढत नेतात, पण डेटा तेवढा कमी होत नाही. बाजार समितीत पोत्याचं वजन करताना बारदाना वजा करतात. इथेही प्रत्येक पाकिटाला बारदाना असतो. पत्ता, पोर्ट, अनुक्रमांक, वेळ हे सगळं मिळून नेहमीच्या आयपी, यूडीपी आणि आरटीपीचे ४० बाइट होतात. आत आवाज कितीही कमी भरा, बारदाना तेवढाच राहतो.

२० मिलीसेकंदांचं एक पाकीट म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं. ४० बाइट गुणिले ८ बिट गुणिले ५०, म्हणजे १६ किलोबिट नुसता बारदाना. १६ किलोबिटचा आवाज पाठवला तर एकूण ३२ जातात, त्यातले निम्मे पोत्याचे. आता बिटरेट ८ वर आणा. आवाज निम्मा झाला, 'स' गेला, आणि एकूण आकडा ३२ वरून २४ वरच आला.

दुसरा रस्ता बघा. आवाज १६ वरच ठेवा आणि एका पाकिटात २० ऐवजी ४० मिलीसेकंद भरा. पाकिटं ५० वरून २५ झाली, बारदाना ८ किलोबिट झाला, एकूण २४. म्हणजे डेटा तेवढाच, आणि आवाज दुप्पट बिटरेटचा. ६० मिलीसेकंद भरले तर बारदाना सव्वापाचच्या आसपास आणि एकूण साधारण २१. बोथट आवाजाच्या २४ पेक्षाही कमी.

हल्ली मोबाइलवर बऱ्याचदा आयपीव्ही६ चालतं. तिथे बारदाना ६० बाइटचा होतो, म्हणून हा फायदा आणखी वाढतो. १६ चा आवाज २० मिलीसेकंदांनी पाठवला तर ४०, ४० मिलीसेकंदांनी पाठवला तर २८. कूटबद्ध केलेल्या कॉलमध्ये वर आणखी काही बाइट लागतात, ते मी इथे धरलेले नाहीत.

पायरी चौथी: उशिराचं गणित मांडा

पाकीट मोठं केलं की तेवढा आवाज गोळा होईपर्यंत थांबावं लागतं. तोंडापासून कानापर्यंतचा उशीर असा जोडा. कोडेकचे २६.५, जाण्याचे ७० (पिंगचे निम्मे), उशिरा येणाऱ्या पाकिटांसाठी पलीकडे राखलेले समजा ६०, आणि दोन्हीकडच्या मायक-स्पीकरचे मिळून ४०. बेरीज १९७ च्या आसपास. पाकीट ४० चं केलं तर ती २१७ होते, ६० चं केलं तर २३७.

आयटीयूची जी.११४ ही शिफारस सांगते की एका दिशेचा उशीर १५० पर्यंत असेल तर बोलण्यात अडथळा जाणवत नाही, आणि ४०० च्या पुढे आखणी करू नये. आपण मधल्या पट्ट्यात आहोत. प्रश्नोत्तराच्या कॉलमध्ये, एक जण विचारतो आणि दुसरा उत्तर देतो तेव्हा, २१७ आणि १९७ यातला फरक कोणाला कळत नाही. भांडण किंवा भजन असेल तर कळेल. दोघांनी एकत्र टाळ धरायचा असेल तर हा लेख उपयोगाचा नाही. त्यासाठी ओपसची ५ मिलीसेकंदांपर्यंत उतरणारी वेगळी पद्धत आहे, पण मोबाइल नेटवर्कच एवढा वेळ खातं की गावात बसून तिचा लाभ मिळत नाही.

मग थेट ६० च का नको? एक पाकीट हरवलं की ६० मिलीसेकंद एकदम जातात. शब्दाच्या सुरुवातीचा 'स' साधारण तेवढाच किंवा थोडा जास्त टिकतो. २० चं पाकीट गेलं तर 'स'चा तुकडा जातो आणि उरलेल्यावरून शब्द कळतो. ६० चं गेलं तर अख्खा 'स' जातो आणि साठचे आठ होतात. म्हणून माझा नियम असा: जागा कमी पण पाकिटं पोचतात, तर ४०. जागा पुरेशी पण पाकिटं हरवतात, तर २०. ६० फक्त तेव्हा, जेव्हा ४० वर कॉल टिकतच नाही.

पायरी पाचवी: प्रत्यक्ष सेटिंग

आमचा गट मंबल वापरतो. ते मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे, आवाजासाठी ओपस वापरतं, आणि मुख्य म्हणजे हे दोन आकडे आपल्या हातात देतं. तज्ज्ञाचा एक छोटा सर्व्हर अकोल्यात चालतो. मंबलच्या सेटिंगमध्ये `Audio Input` उघडा. `Quality` ही पट्टी म्हणजे बिटरेट आणि `Audio per packet` ही पट्टी म्हणजे पाकिटाची लांबी. पट्ट्या सरकवल्या की खाली एकूण किती किलोबिट लागतील आणि त्यात बारदाना किती, ते लिहून येतं. वरचा हिशेब तिथे डोळ्यांसमोर पडताळता येतो. मंबलचा पाकिटाचा साचा आरटीपीहून वेगळा असल्याने आकडे थोडे पुढेमागे होतील.

खोलीतल्या लॅपटॉपवर आम्ही १६ च्या थोडं वर आणि ४० मिलीसेकंद ठेवलं. अकोल्याकडे ब्रॉडबँड आहे, तरी तिकडचाही बिटरेट खालीच ठेवायला सांगितला. तिकडून येणारा आवाजही शेवटी आमच्याच हॉटस्पॉटमधून उतरतो, हे पटवायला थोडा वेळ लागला. दोन्ही दिशा मिळून तासाला साधारण २२ मेगाबाइट जातात.

ब्राउझरमधून कॉल होत असेल तर काम वेगळं. ब्राउझर कॉलसाठी वापरतात त्या वेबआरटीसीमध्ये ओपस सक्तीचा आहे, त्यामुळे तो असतोच. क्रोममध्ये कॉल सुरू असताना दुसऱ्या टॅबमध्ये `chrome://webrtc-internals` उघडा. तिथे अशा ओळी दिसतील:

```
a=rtpmap:111 opus/48000/2
a=fmtp:111 minptime=10;useinbandfec=1
```

`48000/2` पाहून दोन चॅनेलचा मोठा आवाज जातोय असं समजू नका. ओपससाठी ती ओळ नेहमी तशीच लिहायची असा नियम आहे, आत मोनो आणि अरुंद आवाज असला तरी. खरी कामाची गोष्ट `useinbandfec=1`. याने प्रत्येक पाकिटात आधीच्या तुकड्याची एक हलकी प्रत सोबत जाऊ शकते. आधीचं पाकीट हरवलं तर पुढच्यातून ती काढून घेतात. ही प्रत फुकट नसते, त्याच बिटरेटमधून जागा कापून घेते, आणि पाकिटं हरवतायत अशी खबर पाठवणाऱ्याला लागल्यावरच सुरू होते. सलग तीन-चार पाकिटं गेली तर तिचा उपयोग नाही, फक्त शेवटचं एक वाचतं.

कॉलचं पान तुमच्याच हातातलं असेल, म्हणजे गटासाठी कोणी पोराने ते बनवलं असेल, तर बिटरेट चालू कॉलमध्ये असा उतरवता येतो:

```js
const p = sender.getParameters();
p.encodings[0].maxBitrate = 16000;
await sender.setParameters(p);
```

कॉल तुटत नाही, पुन्हा जोडावा लागत नाही. इतरांच्या तयार सेवांवर मात्र हा आकडा सहसा आपल्या हाती नसतो. तिथे व्हिडिओ बंद करणं हीच सगळ्यात मोठी बचत.

बिघाड ओळखायचा कसा

आवाज मधूनच तुटतो पण जो येतो तो स्वच्छ असतो, तर पाकिटं हरवतायत किंवा उशिरा येतायत. मंबलमध्ये आपल्या नावावर उजवी क्लिक करून `Information` बघा. तिथे `Lost` आणि `Late` वेगवेगळे दिसतात. `Late` वाढत असेल तर `Audio Output` मधलं `Default Jitter Buffer` थोडं वाढवा. उशीर वाढेल, तुटणं कमी होईल. `Lost` वाढत असेल तर पाकीट ४० वरून २० वर आणा आणि फोन खिडकीत ठेवा. यातला दुसरा उपाय कधी कधी पहिल्यापेक्षा जास्त काम करतो.

आवाज न तुटता सलग बोथट, पाण्याखालून आल्यासारखा असेल तर बिटरेट कमी पडतोय. ब्राउझरने नेटवर्क बघून स्वतःच खाली उतरवला असेल.

आवाज स्वच्छ, पण उशीर वाढत वाढत दोन-तीन सेकंदांवर जातो, तर पाकिटं कुठेतरी रांगेत अडकतायत. एक तर हॉटस्पॉटवर दुसरं काहीतरी अपलोड होतंय, नाहीतर मंबल यूडीपी सोडून टीसीपीवर गेलंय. टीसीपी एक पाकीट हरवलं की ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी अडवून धरतं, आणि तिथे ओपसचा कमी उशीर मातीमोल होतो. `Network` सेटिंगमध्ये `Force TCP mode` वर खूण असेल तर ती काढा.

पाकिटं सगळी पोचतात, बिटरेट बरोबर आहे, तरी उशीर जास्त वाटतो, तेव्हा गळ्यातला ब्लूटूथ हेडसेट काढून तारेचा लावून बघा. ब्लूटूथ कधी कधी एकटाच शंभराहून जास्त मिलीसेकंद खातो, म्हणजे २० च्या जागी ४० केल्याने जे गमावलं त्याच्या पाचपट.

शेवटचं कूलरचं. ओपसमध्ये शांततेत पाठवणं जवळजवळ थांबवण्याची सोय आहे, तिला डीटीएक्स म्हणतात. कोणी बोलत नसेल तेव्हा दर ४०० मिलीसेकंदांना एखादंच पाकीट जातं. सात जणांच्या कॉलमध्ये एका वेळी एकच बोलतो, त्यामुळे बचत मोठी. पण मे महिन्यात आपल्याकडच्या खोलीत शांतता नसते, कूलरची घरघर असते, आणि ती शांतता आहे की आवाज यात कोडेकची गल्लत होऊन शब्दांची सुरुवात कापली जाऊ शकते. तेव्हा एक तर कूलरचं तोंड मायकपासून फिरवा आणि मंबलमधलं घरघर गाळणारं `RNNoise` सुरू करा, किंवा उन्हाळ्यापुरतं बोलताना बटण दाबण्याची पद्धत ठेवा. बटण मात्र शब्दाच्या जरा आधी दाबायचं.